मीटिंग रूम पुढं ढकलली, पंधरा मिनिटांनी कॅन्सल केली, साइटनं पूर्ण रिफंड दाखवला. चूक कुणाची?

औसा_रोड · 1 फेब्रुवारी 2026, रात्री 9:40

मंडळी, लातुरात माझं छोटं को-वर्किंग आहे. मेडिकलच्या वर दुसरा मजला, 22 खुर्च्या, आठ जणांची एक मीटिंग रूम आणि चार जणांची एक केबिन. गेल्या दिवाळीत साइट करून घेतली. तासावर रूम बुक होते, पैसे तिथंच भरता येतात. डे पास, फिरती खुर्ची आणि पक्की खुर्ची असे तीन प्रकार आहेत. फिरती खुर्चीवाल्याला महिन्याला रूमचे 4 तास फुकट, पक्कीवाल्याला 10. त्यावर लागले तर तासाला 300 रुपये अधिक जीएसटी. महिना संपला की उरलेले तास संपले.

कॅन्सलचा नियम साइटवर मोठ्या अक्षरात आहे. रूमच्या वेळेच्या 24 तास आधीपर्यंत पूर्ण परत, 24 ते 4 तासांत निम्मं, 4 तासांच्या आत काही नाही.

आता झालं असं. एका फिरती खुर्चीवाल्या मेंबरनं शनिवारी 31 तारखेला दुपारी 4 ते 7 रूम घेतली होती. त्याचे जानेवारीचे 2 तास शिल्लक होते, ते वापरले आणि वरच्या एका तासाचे 354 रुपये भरले. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास त्यानं ते बुकिंग मंगळवारी 3 तारखेला 11 वाजता ढकललं. आणि पंधराएक मिनिटांनी कॅन्सलच करून टाकलं. साइट म्हणाली मंगळवारला अजून तीन दिवस आहेत, पूर्ण रिफंड. दोन तास त्याच्या खात्यात परत, 354 रुपये माझ्या मंजुरीसाठी आले.

शुक्रवारी एका क्लासच्या सरांना मी ‘चार ते सहा भरलंय’ म्हणून नाही सांगितलं होतं. शनिवारी रूम मोकळी पडली. मी रिफंड अडवला आणि ते दोन तासही काढून घेतले. त्यानं एक स्टार देऊन लिहिलं, ‘नियम एक, वागणूक दुसरी.’ माझं चुकलं का?

---

कापूसकोंडा · रात्री 9:58

पोरगं हुशार आहे. नोकरीला ठेवा.

---

जालना_पोलाद · रात्री 10:15

सरळ लबाडी आहे. चार तारखा फिरवून नियमाला चकवा दिला. अजिबात देऊ नका. एकदा सोडलं की सगळे शिकतात. आमच्याकडं गोडाऊन भाड्यानं देताना असंच व्हायलंय, आज नको उद्या, उद्या नको परवा, शेवटी गाडी येतच नाही.

---

अभ्यासिकावाले_काका · रात्री 10:31

आमची अभ्यासिका आहे, 60 खुर्च्या. महिन्याची फी आधी घेतो, आला नाही तर त्याचा प्रश्न. रिफंड वगैरे भानगड ठेवायचीच नाही. पोरांना एकच सांगायचं, खुर्चीवर रुमाल टाकून दिवसभर गायब राहायचं नाही. तुम्ही रुमालाचं काय करता?

---

औसा_रोड · रात्री 10:44

काका, रुमालाचा विषय नाही. अभ्यासिकेत खुर्ची महिनाभर त्याचीच असते. इथं एकच रूम दिवसात पाच जणांना विकायची असते.

---

खडकाळी · रात्री 11:20

मी संभाजीनगरला दोन ठिकाणच्या बुकिंगचं काम बघते, एक बॅडमिंटन कोर्ट आणि एक मीटिंग रूमवालं. हा प्रकार दोन्हीकडं होऊन गेलाय.

तुमच्या लिहिलेल्या नियमाप्रमाणं तो बरोबर आहे. ‘रूमच्या वेळेच्या 24 तास आधी’ असं तुम्ही म्हणता. कॅन्सल केलं तेव्हा रूमची वेळ मंगळवार होती. ढकलण्याबद्दल तुमच्या नियमात एक शब्द नाही, आणि साइटनं ढकलू दिलं. त्यामुळं लबाडी म्हणा, पण भोक तुमच्या कुंपणाला आहे.

खरं नुकसान कॅन्सल केल्यावर झालेलं नाही, ते ढकललं त्या क्षणीच झालं. शनिवारची रूम दहा वाजता मोकळी झाली आणि सहा तासांत दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढं मंगळवारचं त्यानं ठेवलं काय, सोडलं काय, शनिवारचे तीन तास गेले ते गेलेच. म्हणून उशिरा ढकलणं हे उशिरा कॅन्सल करण्यासारखंच मोजावं लागतं.

त्या बुकिंगची साइटवरची नोंद इथं टाकाल का? नाव-नंबर काढून टाका. ते दोन तास ‘परत’ आले म्हणता, ते कुठल्या महिन्याच्या खात्यात आले ते मला बघायचंय.

---

औसा_रोड · 2 फेब्रुवारी, सकाळी 8:05

साइट करणाऱ्या भाच्याकडून मागवली. हे घ्या.

```
2026-01-31T04:35:12Z moved     2026-01-31T10:30Z -> 2026-02-03T05:30Z
2026-01-31T04:51:40Z cancelled refund=100% credit=2h wallet=2026-02
```

---

जालना_पोलाद · सकाळी 8:30

पहाटे साडेचारला उठून केलंय. म्हणजे ठरवून केलंय.

---

खडकाळी · सकाळी 9:10

पोलाददादा, शेवटचं Z बघा. ती वेळ युटीसीची आहे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. 4:35 म्हणजे आपले सकाळचे 10:05. रूमची वेळ 10:30 म्हणजे आपले दुपारचे 4. दोन्हीत 5 तास 55 मिनिटं. म्हणजे ढकललं तेव्हा तो निम्म्याच्या पट्ट्यात होता.

मला शंका होती ते दुसऱ्या ओळीच्या शेवटी आहे. `wallet=2026-02`. त्याचे दोन तास जानेवारीचे होते. 31 तारखेला रात्री ते मरणारच होते. बुकिंग फेब्रुवारीत ढकललं आणि मग कॅन्सल केलं, तर साइटनं नवीन तारखेचा महिना बघून तास फेब्रुवारीच्या खात्यात टाकले. म्हणजे तुम्ही काढून घेतले नसते, तर फेब्रुवारीचे 4 आणि हे 2 असे 6 तास त्याच्याकडं झाले असते. पैशाच्या रिफंडपेक्षा हे मोठं भोक आहे. रिफंड तुमच्या मंजुरीला थांबतो, तास मात्र कुणाला न विचारता जमा होतात.

---

औसा_रोड · सकाळी 9:22

अरे देवा. म्हणजे दर महिन्याच्या शेवटी कुणीही उरलेले तास पुढच्या महिन्यात नेऊ शकतं?

---

खडकाळी · सकाळी 9:25

हो. बुक करा, पुढच्या महिन्यात ढकला, कॅन्सल करा. तीन क्लिक. मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी तपासा, आणखी कुणी केलंय का.

---

कोडकिडा_परभणी · सकाळी 10:40

सोपं आहे. बुकिंगची मूळ वेळ पण साठवून ठेवायची आणि कॅन्सल करताना दोन्हींतली आधीची धरायची. एका ओळीचं काम.

```
base = LEAST(original_start, current_start)
```

24 तास या base पासून मोजा. शनिवारचं मंगळवारी नेलं तरी base शनिवारच राहतो. भोक बंद.

---

फिरतीवाला · सकाळी 11:15

मी औषध कंपनीत आहे, महिन्यातले दहा दिवस अशाच जागांवर बसतो. गिऱ्हाइकाच्या बाजूनं विचारतो. समजा मी 10 तारखेची रूम 1 तारखेलाच 20 वर ढकलली. नऊ दिवस आधी कळवलं, तुमचं काहीच गेलं नाही. मग 12 तारखेला डॉक्टरांनी भेट रद्द केली आणि मी कॅन्सल केलं. परभणीच्या भावाच्या हिशोबानं base 10 तारीख, ती तर होऊन गेली. माझे सगळे पैसे बुडाले?

---

कोडकिडा_परभणी · सकाळी 11:32

अं... हो, बुडतील. हे डोक्यात नव्हतं.

---

खडकाळी · दुपारी 1:50

फिरतीवाल्यांनी नेमकं पकडलं. जुनी वेळ जपून उपयोग नाही, ढकलताना किती उशीर झाला होता ते जपायला हवं.

आम्ही असं करतो. कुणी वेळ बदलली की त्या क्षणी मनातल्या मनात विचारायचं, ‘आत्ता हे कॅन्सल केलं असतं तर किती टक्के कापलं असतं?’ जे उत्तर येईल ते बुकिंगवर लिहून ठेवायचं. वेळ बदलायला वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. नंतर त्यानं खरंच कॅन्सल केलं तर त्या वेळची कपात काढायची, आणि लिहून ठेवलेली व आत्ताची यांतली जी जास्त ती लावायची.

```
on move:   held = max(held, pct(now, old_start))
on cancel: cut  = max(held, pct(now, current_start))
```

फिरतीवाल्यांचं उदाहरण घ्या. 1 तारखेला ढकललं तेव्हा कपात शून्य होती, शून्य लिहिलं. 12 ला कॅन्सल केलं तेव्हा 20 ला आठ दिवस आहेत, तीही शून्य. पूर्ण परत. तुमच्या मेंबरचं घ्या. शनिवारी 10:05 ला कपात 50 टक्के, ती लिहिली. 10:21 ला मंगळवारच्या हिशोबानं शून्य, पण लिहिलेले 50 जास्त. निम्मं कापलं. आणि तो मंगळवारी खरंच आला असता तर काहीच कापलं नसतं. प्रामाणिकपणे ढकलणाऱ्याला याचा त्रास होत नाही.

एक मात्र विसरू नका. तीन तासांचं बुकिंग एका तासाचं करणं हेही दोन तासांचं कॅन्सलच आहे. ते भोक राहिलं तर लोक कॅन्सलचं बटण सोडून ‘बदला’चं बटण वापरतात. एका गृहस्थांनी आमच्याकडं चार तासांचं अर्ध्या तासावर आणलं होतं आणि अर्धा तास बसून चहा पिऊन गेले. नियमात बसत होतं.

---

कोडकिडा_परभणी · दुपारी 2:05

max बरोबर आहे. माझी ओळ मागं घेतो.

---

हिशोबी · दुपारी 3:30

पैशाची बाजू कुणी बोलेना म्हणून. मी सीएंच्या ऑफिसात आहे. निम्मं कापायचं ठरलं तर 354 मधले 177 परत द्यायचे आणि 177 ठेवायचे. ठेवलेल्या रकमेवरचा जीएसटी तुमच्या खिशात राहत नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये सीबीआयसीच्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की कॅन्सलेशनच्या रकमेवर मूळ सेवेच्याच दरानं कर लागतो. म्हणजे 150 तुमचे, 27 कराचे. आधी पूर्ण 354 चं बिल फाडलं असेल तर परत दिलेल्या भागाची क्रेडिट नोट करा. साइटनं मूळ बिलच खोडून नवीन दाखवायचं नाही, नंबरांची मालिका बिघडते आणि मार्चमध्ये आम्हाला रडायला लागतं.

---

औसा_रोड · दुपारी 3:48

बिल खोडतंय आत्ता. भाच्याला सांगतो.

आता मला प्रश्न पडलाय तो तासांचा. तीन तासांपैकी दोन मेंबरशिपचे आणि एक पैशाचा. निम्मं परत म्हणजे दीड तास. मग पैशाचा तास आधी परत द्यायचा का फुकटचे तास? तो म्हणणार पैसे आधी द्या, मी म्हणणार तास आधी घ्या.

---

खडकाळी · सायंकाळी 6:15

दोन्हीही नको, भांडण होतं. प्रत्येक भाग वेगळा मोजा. मेंबरशिपचे 2 तास, त्यातला 1 परत. पैशाचा 1 तास 354 चा, त्यातले 177 परत. ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं जाईल.

आणि परत गेलेला तास ज्या महिन्याचा होता त्याच महिन्याच्या खात्यात, त्याच मुदतीसह. म्हणजे जानेवारीचा तास जानेवारीत जातो आणि 31 ला रात्री 12 वाजता मरतो. तुमच्या मेंबरला परत मिळालेला तास जेमतेम चौदा तास जगला असता.

---

फिरतीवाला · सायंकाळी 6:40

हे तर अन्याय्य वाटतं. दोन दिवस आधी प्रामाणिकपणे कॅन्सल केलं आणि परत आलेला तास दोन दिवसांनी मेला, तर परत दिला म्हणायला जागा काय? वर साइटवर मोठ्या अक्षरात ‘पूर्ण परत’ लिहिलंय.

---

खडकाळी · सायंकाळी 7:02

बरोबर आहे. म्हणून आम्ही मुदत दिली होती: परत आलेला तास किमान सात दिवस जगेल, महिना संपला तरी.

---

कोडकिडा_परभणी · सायंकाळी 7:20

ताई, मग 29 ला 31 चं बुक करायचं, 29 लाच कॅन्सल करायचं. 24 तासांच्या बाहेर आहे, पूर्ण परत, वर सात दिवस बोनस. पुन्हा तेच भोक.

---

खडकाळी · सायंकाळी 7:41

केलं होतं लोकांनी. मग आम्ही सात दिवसांची मुदत फक्त जागेनं स्वतः कॅन्सल केलं तरच ठेवली. मेंबरनं कॅन्सल केलं तर तास मूळ मुदतीतच. फिरतीवाल्यांचा मुद्दा तरीही उरतो हे कबूल. त्यावर मला भोक नसलेला तोडगा सापडलेला नाही. कमीत कमी बुक करतानाच स्क्रीनवर दाखवा, ‘यातले 2 तास 31 जानेवारीला संपतात.’

---

जालना_पोलाद · रात्री 8:10

तास पुढं नेऊच द्यायचे. दोन तास पुढं गेले तर कुठं रूम झिजते?

---

औसा_रोड · रात्री 8:26

पोलाददादा, काल तुम्हीच देऊ नका म्हणत होता की. पण रूम एकच आहे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी साठवलेले तास काढले तर पैसे देणाऱ्याला रूम मिळत नाही. डिसेंबरचे तास घेऊन जानेवारीत तिघं आले होते, आता कळतंय कसे आले. भाच्यानं आत्ताच काढून दिलं.

---

वकीलवाडा_धाराशिव · रात्री 9:30

एक बाजू राहिली. जागेनंच कॅन्सल केलं तर काय, हे तुमच्या नियमात कुठं आहे? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 मध्ये नियम 4 आहे. त्याचा आशय असा की, ग्राहकानं कॅन्सल केल्यावर दंड घ्यायचा असेल तर तुम्ही एकतर्फी कॅन्सल केल्यावर तसाच भार तुम्हीही उचलायचा. आणि ‘नियम मान्य’ची खूण आधीच टिचवून ठेवलेली चालत नाही, ती ग्राहकानं स्वतः करायची. तुमचा मेंबर धंद्यासाठी रूम घेतो, मग तो ग्राहक ठरतो का यावर वाद होऊ शकतो. पण त्या वादात पडण्यापेक्षा नियम दोन्ही बाजूंनी लिहिलेला बरा.

---

औसा_रोड · रात्री 9:44

लाइट गेली तर? आमच्या भागात उन्हाळ्यात दुपारी जाते. इन्व्हर्टर पंखे आणि राउटर ओढतो, एसी नाही ओढत. त्याला कॅन्सल म्हणायचं का?

---

अभ्यासिकावाले_काका · रात्री 9:50

आम्ही लाइट गेली की खिडक्या उघडतो. मुलं अंगणात बसतात.

---

वकीलवाडा_धाराशिव · रात्री 10:05

काकांच्या अंगणात सोय होते, आठ जणांची मीटिंग अंगणात होत नाही. लाइट गेल्यावर गिऱ्हाइकाला विचारा, बसता का जाता. बसला तर पूर्ण तास धरा. जातो म्हणाला तर न वापरलेले तास पूर्ण परत द्या, मग चार तासांच्या आतलं असो वा चालू मीटिंग. हे लिहून ठेवा. लिहिलेलं नसलं की प्रत्येक वेळी रिसेप्शनवरचं पोरगं ठरवतं, आणि दर वेळी वेगळं ठरवतं.

---

औसा_रोड · रात्री 10:12

अजून एक. पक्की खुर्चीवाल्यांना कॅन्सलला 24 ऐवजी 12 तास द्यावे का? मोठा पैसा देतात.

---

खडकाळी · रात्री 10:40

मी देणार नाही. त्यांना तास जास्त द्या, दर कमी करा, पण घड्याळ सगळ्यांना एकच ठेवा. रूम उशिरा मोकळी झाली तर नुकसान तेवढंच होतं, मग खुर्ची पक्की असो की फिरती. शिवाय मेंबरनं मध्येच प्लॅन बदलला तर आधीच्या बुकिंगला कुठलं घड्याळ, हा नवा वाद. आम्ही तर बुकिंग झालं त्या क्षणीचा नियम बुकिंगबरोबरच साठवतो. उद्या तुम्ही 24 चे 12 केले तरी आजच्या बुकिंगला 24 च. साइटवरचा मजकूर बदलला म्हणून जुन्या माणसाचा नियम बदलायचा नाही, हे सिद्ध करायला त्याला स्क्रीनशॉट दाखवायला लागू नये.

हो, तुमच्या साइटवर महिना कधी संपतो? आपल्या रात्री 12 ला का युटीसीच्या?

---

औसा_रोड · 3 फेब्रुवारी, सकाळी 7:55

भाचा म्हणतोय ‘रात्री 12’. पण सर्व्हरच्या रात्री 12. म्हणजे आमच्या 1 तारखेला पहाटे साडेपाचला. तोपर्यंत जानेवारीचे तास जिवंत! पहाटे कोण बुक करतंय म्हणा. (एकानं केलंय. 1 जानेवारीला मध्यरात्री 12:40 ला. नववर्षाची मीटिंग असावी.) आता `Asia/Kolkata` लावून घेतलंय.

---

जालना_पोलाद · सकाळी 8:20

मूळ प्रश्न राहिला. त्या पोराला पैसे द्यायचे का नाही?

---

खडकाळी · सकाळी 9:00

माझं मत, या वेळचे पूर्ण द्या. नियमात नव्हतं, साइटनं ‘पूर्ण रिफंड’ असं लिहून दाखवलं, आणि तुम्ही नंतर हातानं अडवलं. पुढच्या माणसाला तुमच्या साइटवरच्या कुठल्याच आकड्यावर भरवसा राहणार नाही. दोन तास फेब्रुवारीत राहिले तर राहू द्या, ते साइटनं दिलेत. आणि त्याला सांगा की नियम आजपासून बदलतोय.

---

जालना_पोलाद · सकाळी 9:14

मला पटलेलं नाही. 354 चा प्रश्न नाही. निदान तास तरी देऊ नका, ते त्याचे जानेवारीतच संपले होते.

---

फिरतीवाला · सकाळी 9:40

त्याच्या जागी मी असतो तर? शनिवारी सकाळी पार्टी ‘मंगळवारी येतो’ म्हणाली असेल आणि पंधरा मिनिटांत ‘येतच नाही’ म्हणाली असेल. आमच्या धंद्यात रोज होतं. लबाडीच केली असेल असं कशावरून? तुम्ही त्याला विचारलं का?

---

औसा_रोड · सकाळी 9:52

नाही विचारलं.

---

औसा_रोड · 7 फेब्रुवारी, रात्री 8:30

अपडेट देतो. मंगळवारी त्याला फोन केला. फिरतीवाले म्हणाले तसंच निघालं. उदगीरची पार्टी येणार होती, आधी मंगळवार म्हणाली, मग फोनच बंद. महिन्याचा हिशोब त्याच्या डोक्यातही नव्हता. फेब्रुवारीत दोन तास वाढले हे मी काढून घेतल्यावर त्याला कळलं. म्हणजे त्याला माहीत नसलेलं भोक मीच दाखवलं.

354 परत दिले, दोन तास खात्यात टाकले. काल येऊन दोन तास रूम वापरून गेला, चहा घेतला. रिव्ह्यू काढलेला नाही, मी पण मागितलं नाही.

भाच्यानं ताईंचं max लावलंय. मी माझ्याच नावानं बुक करून बघितलं. उद्याची 11 ची रूम आज सहाला घेतली, साडेसहाला ती गुरुवारवर ढकलली, मग कॅन्सल. निम्मं कापलं, बरोबर. तासांचं खातं मूळ महिना धरतंय. कमी केलेले तास पण कॅन्सल म्हणून मोजतंय.

नियम आता असा लिहिलाय, चुकलं तर सांगा:

‘रूमच्या वेळेच्या 24 तास आधीपर्यंत कॅन्सल केल्यास पूर्ण परत. 24 ते 4 तासांत निम्मं परत. 4 तासांच्या आत परत नाही. वेळ बदलायला पैसे लागत नाहीत, पण 24 तासांच्या आत बदललेली किंवा कमी केलेली वेळ नंतर कॅन्सल केली तर बदलतानाची आणि कॅन्सल करतानाची यांतली जी जास्त ती कपात लागेल. मेंबरशिपचे तास ज्या महिन्याचे त्याच महिन्यात परत येतात. आमच्याकडून रूम देता आली नाही तर न वापरलेले सगळे तास परत, आणि ते पुढचे सात दिवस वापरता येतील.’

---

कोडकिडा_परभणी · रात्री 8:55

‘कमी केलेली वेळ नंतर कॅन्सल केली तर’ यात घोटाळा आहे. कमी केलेले तास तर त्याच क्षणी कॅन्सल होतात ना, नंतर कशाला? ते वाक्य वेगळं करा.

---

औसा_रोड · रात्री 9:01

खरंय. करतो.

---

फिरतीवाला · रात्री 9:20

आणि आज सहाला उद्या 11 ची रूम घेतली तर मध्ये 17 च तास. म्हणजे बुक करतानाच मी निम्म्याच्या पट्ट्यात. चुकून भलतीच वेळ टिचली आणि दोन मिनिटांत कॅन्सल केली तरी निम्मे गेले?

---

खडकाळी · रात्री 9:45

आमच्याकडं नवीन बुकिंगला 15 मिनिटांची सूट आहे. बुक केल्यापासून 15 मिनिटांत कॅन्सल केलं तर पूर्ण परत. फक्त नव्या बुकिंगला, ढकललेल्याला नाही, आणि रूमची वेळ तासाभराच्या आत असेल तर नाही. औसा रोडवाल्यांनी ठेवावी असं मला वाटतं.

---

औसा_रोड · रात्री 9:50

15 मिनिटं रूम अडवून बसणारे निघाले तर?

---

खडकाळी · रात्री 9:53

निघतील. मोजून बघा किती निघतात, मग ठरवा.

---

अभ्यासिकावाले_काका · रात्री 10:02

पूर्ण धागा वाचला. आता मला पण साइट करायची आहे. रुमालाचं कुणी सांगितलंच नाही.